अर्ध्या वाटीचं समीकरण

गोल बुडाची एक वाटी घ्या. गोल म्हणजे नुसती गोलसर नव्हे, तर चेंडू मधोमध कापल्यावर मिळतो तसा नेमका अर्धगोल. तिची त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे, म्हणजे मधली खोलीही ५ सेंटिमीटर. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण २६२ मिलिलिटर पाणी मावतं. आता पाककृतीत ‘अर्धी वाटी’ लिहिलं असेल, तर पाणी किती उंचीपर्यंत ओतायचं?

अडीच सेंटिमीटर, असं उत्तर चटकन ओठांवर येतं आणि ते बरंच चुकतं. वाटी तळाशी निमुळती आणि वर पसरट असते. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी ओतलं, तर पूर्ण वाटीच्या सोळा भागांपैकी जेमतेम पाच भाग भरतात. मग अर्ध्या वाटीची खूण नेमकी कुठे करायची? प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो सोडवायला घेतला की घन समीकरण समोर उभं राहतं. आणि ते समीकरण सुटतं एका कोनाचे तीन सारखे भाग करून. वाटीत कोन कुठून आला, हेच या लेखात पाहायचं आहे.

आधी समीकरण मांडू. आकडेमोड सोपी राहावी म्हणून वाटीची त्रिज्या १ धरू आणि शेवटी उत्तराला ५ने गुणू. तळापासून h उंचीपर्यंत पाणी असेल, तर गोलाच्या त्या टोपीचं घनफळ असतं

π h² (3 − h) / 3

गोलाच्या घनफळाचा हा शोध आर्किमिडीजपर्यंत मागे जातो. ‘गोल आणि दंडगोल’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यानं विचारलं होतं की, दोन तुकड्यांच्या घनफळांचं गुणोत्तर आधीच ठरलेलं असेल, तर गोल कुठे कापायचा. आपली वाटी हे त्याच प्रश्नाचं घरगुती रूप. पूर्ण अर्धगोलाचं घनफळ 2π/3, त्याच्या निम्मं π/3. दोन्ही समान ठेवले की π/3 निघून जातो आणि उरतं

h³ − 3h² + 1 = 0

वर्गसमीकरणासाठी शाळेत सूत्र मिळतं, घन समीकरणासाठी मिळत नाही. म्हणून आधी त्यातलं h² चं पद घालवू. त्यासाठी उंची तळापासून मोजण्याऐवजी वाटीच्या काठापासून मोजायची. काठाच्या वरची उंची y धरली, तर h = y + 1. काठाखालचं पाणी म्हणजे y ऋण, आणि तळाशी y = −1. ही किंमत घालून कंस सोडवले की वर्गपदं एकमेकांना खातात आणि समीकरण होतं

y³ − 3y = 1

इथे आपला खरा नायक प्रवेश करतो. त्रिकोणमितीतलं दोन कोनांच्या बेरजेचं सूत्र ज्यांना आठवत असेल त्यांनी 3θ हा कोन 2θ + θ असा फोडून पाहावा. cos θ ला थोडक्यात c म्हणू आणि sin θ ला s.

cos 3θ = cos 2θ · cos θ − sin 2θ · sin θ
= (2c² − 1)c − (2sc)s
= 2c³ − c − 2c(1 − c²)
= 4c³ − 3c

शेवटच्या पायरीआधी s² च्या जागी 1 − c² घातलं, एवढीच काय ती युक्ती. साइन पूर्णपणे नाहीसा झाला आणि तिप्पट कोनाचा कोसाइन नुसत्या मूळ कोनाच्या कोसाइनमध्ये लिहिता आला. खात्री करायची तर ६० अंश घ्या. त्याचा कोसाइन अर्धा. चार गुणिले एक अष्टमांश म्हणजे अर्धा, त्यातून दीड वजा केला की उणे एक उरतो. आणि १८० अंशांचा कोसाइन खरोखर उणे एक आहे.

या सूत्राकडे नीट पाहा. उजवीकडे एक घनपद आहे, एक साधं पद आहे, वर्गपद नाही. आपल्या वाटीच्या समीकरणाचाही सांगाडा हुबेहूब असाच आहे. फक्त सूत्रात सहगुणक ४ आणि ३, तर आपल्याकडे १ आणि ३. हा फरक मिटवण्यासाठी y = 2 cos θ असं धरायचं. मग y³ − 3y चे 8c³ − 6c होतात, म्हणजे 4c³ − 3c ची बरोबर दुप्पट. समीकरण आता असं दिसतं:

2 cos 3θ = 1

घन गेला आणि एका ओळीचा प्रश्न उरला: कोणत्या कोनाचा कोसाइन अर्धा? ६० अंशांचा. म्हणून 3θ = ६०, θ = २०, आणि y = 2 cos २० अंश, म्हणजे १.८७९४. काठापासूनच्या उंचीत १ मिळवला की h = २.८७९४.

पण वाटीची खोलीच १ आहे! तिच्यात २.८८ उंचीचं पाणी राहील कसं?

बहुतेकांचा पाय घसरतो तो इथेच. गणितात चूक काहीच नाही, काम मात्र अर्धवट आहे. कोसाइन अर्धा असलेला ६० अंश हा एकटाच कोन नाही. पूर्ण एक फेरी मारली की ४२० अंश, आणखी एक फेरी मारली की ७८०, यांचेही कोसाइन तेवढेच. कॅल्क्युलेटर मात्र त्यांतला सर्वांत लहान कोन दाखवून थांबतो. तीन भाग करताना हे कोन वेगवेगळ्या दिशांना जातात: २०, १४० आणि २६० अंश. पुढच्या फेरीचा कोन घेतला तर ३८० अंश येतात, म्हणजे पुन्हा २०च. म्हणून उत्तरं तीन, ना कमी ना जास्त, आणि घन समीकरणाला तेवढीच लागतात.

१४० अंशांवरून y = −१.५३२१ मिळतो. हे पाणी तळाच्याही खाली गेलं, म्हणून तेही बाद. २६० अंशांवरून y = −०.३४७३. काठाच्या खाली पण तळाच्या वर असलेली ही एकमेव किंमत. h = ०.६५२७, आणि ५ने गुणल्यावर ३.२६ सेंटिमीटर. अर्ध्या वाटीची खूण तळापासून सव्वातीन सेंटिमीटरच्या किंचित वर करायची.

ताळा दोन तऱ्हांनी घेता येतो. ०.६५२७चा वर्ग ०.४२६०, त्याला २.३४७३ने गुणलं की १ येतो, म्हणजे मूळ समीकरण जुळलं. दुसरी तऱ्हा अधिक उपयोगी आहे. वर्गपद नसलेल्या घन समीकरणाच्या तिन्ही उकलींची बेरीज शून्यच यायला हवी. इथे १.८७९४मधून १.५३२१ आणि ०.३४७३ वजा केले की शून्य उरतं. ही बेरीज चुकली, तर नव्वद टक्के वेळा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो आणि आपण रेडियनमधल्या कोनात १२० मिळवून मोकळे झालेले असतो, असं माझं निरीक्षण आहे.

वाटीवर पाव आणि पाऊण अशाही खुणा हव्या असतील, तर नव्यानं समीकरण मांडायची गरज नाही. वाटीचा f इतका भाग भरायचा असेल, तर वरचीच वाट धरून येतं

cos 3θ = 1 − f

आणि h = 1 + 2 cos(θ + 240°). पाव वाटीसाठी कोसाइन ०.७५. त्याचा कोन ४१.४१ अंश, तिसरा भाग १३.८० अंश, २४० मिळवून २५३.८०. उंची ०.४४२१, म्हणजे आपल्या वाटीत २.२१ सेंटिमीटर. तसंच पाऊण वाटीसाठी ४.१६ येतात. रिकाम्या वाटीला f = 0, कोसाइन १, कोन शून्य, आणि उंचीही शून्य. भरलेल्या वाटीला कोसाइन शून्य, कोन ९०, त्याचा तिसरा भाग ३०, त्यात २४० मिळवून २७०, आणि उंची १. दोन्ही टोकं जिथल्या तिथे बसतात. पाणी चढत जातं तसा 3θ हा कोन शून्यापासून काटकोनापर्यंत सरकतो आणि आपण दर वेळी त्याचा तिसरा भाग घेतो, एवढंच.

सगळी घन समीकरणं इतकी समजूतदार नसतात. आपल्याकडे y = 2 cos θ चाललं, कारण y चा सहगुणक ३ होता. समीकरण y³ = py + q असं असेल, तर y = k cos θ धरायचं आणि k असा निवडायचा की घनपद आणि साध्या पदाचं प्रमाण ४ला ३ पडेल. त्यासाठी k² = 4p/3 लागतो. मग उरतं cos 3θ = 4q/k³. कोन शोधा, तीन भाग करा, १२० आणि २४० मिळवा, k ने गुणा. पाठ करायचं ते एवढंच.

सोळाव्या शतकातल्या इटलीत हे सूत्र कुणाच्या हाती असतं, तर मोठा मनस्ताप वाचला असता. घन समीकरणाचं पहिलं सर्वसाधारण सूत्र तिथेच निघालं. देल फेर्रोला ते सापडलं, तार्तालियानं स्वतंत्रपणे शोधलं आणि १५३९मध्ये कार्दानोला सांगितलं, ते गुप्त ठेवण्याच्या बोलीवर. कार्दानोनं १५४५मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात ते छापून टाकलं आणि पुढे जे भांडण पेटलं ते गणिताच्या इतिहासात गाजलं. सूत्रात आधी एक वर्गमूळ काढायचं, मग दोन घनमुळं काढून त्यांची बेरीज करायची. पण आपल्या वाटीचं y³ = 3y + 1 हे समीकरण त्यात घातलं की वर्गमुळाखाली उणे तीन चतुर्थांश येतात. ऋण संख्येचं वर्गमूळ कुठून आणायचं? गंमत अशी की, समीकरणाच्या तिन्ही उकली वास्तव आहेत, वाटीवर बोट ठेवून दाखवता येतात, आणि नेमक्या अशाच वेळी हे सूत्र काल्पनिक संख्यांत अडकतं. एकच वास्तव उकल असेल, तर ते सुरळीत चालतं.

बोलोन्याचा राफाएल बॉम्बेली हा दलदली उपसण्याची कामं करणारा अभियंता. त्यानं १५७२मध्ये छापलेल्या बीजगणिताच्या ग्रंथात ही कोंडी धीटपणे फोडली. त्याचं उदाहरण x³ = 15x + 4. उत्तर ४ आहे हे तोंडीच कळतं: चौसष्ट बरोबर साठ अधिक चार. कार्दानोच्या सूत्रात मात्र √−121 येतं. 2 + √−121 चं घनमूळ 2 + √−1 आहे हे बॉम्बेलीनं ओळखलं. जोडीचं घनमूळ 2 − √−1, दोन्हींच्या बेरजेत काल्पनिक भाग उडतात आणि ४ उरतात. काल्पनिक संख्यांचे गणिताचे नियम यातूनच पहिल्यांदा नीट लिहिले गेले, म्हणून त्या अडचणीचे आपण आभारच मानायचे. पण ते घनमूळ त्याला ओळखता आलं, ते आकडे सोयीचे होते म्हणून. आपल्या वाटीच्या समीकरणात अशी ओळखून काढण्यासारखी सोयच नाही.

कोनाच्या वाटेनं हेच उदाहरण करून पाहा. p = 15, म्हणून k² = 20 आणि k = ४.४७२१. मग cos 3θ = 16/k³, म्हणजे ०.१७८९. कोन ७९.७० अंश, तिसरा भाग २६.५७ अंश, त्याचा कोसाइन ०.८९४४. k ने गुणा: ४. काल्पनिक संख्येचं नावही निघालं नाही. उरलेले दोन कोन −३.७३२१ आणि −०.२६७९ देतात. चौकस वाचकाच्या लक्षात येईल की, या किमती म्हणजे −2 − √3 आणि −2 + √3.

ही वाट मळली ती फ्रान्स्वा व्हिएत या फ्रेंच गणितीनं. पेशानं तो वकील आणि राजाचा सल्लागार, गणित फावल्या वेळातलं. १५९३मध्ये आद्रियान व्हान रोमेन यानं सगळ्या गणितज्ञांना आव्हान म्हणून पंचेचाळिसाव्या घाताचं एक समीकरण छापलं. हे सोडवणारा फ्रान्समध्ये कुणी नाही, असं नेदरलंड्सचा राजदूत चौथ्या हेन्री राजाला म्हणाला, तेव्हा राजानं व्हिएतला बोलावलं. व्हिएतनं एक उत्तर तिथल्या तिथे दिलं आणि आणखी बावीस दुसऱ्या दिवशी. चमत्कार असा काही नव्हता. त्या अगडबंब समीकरणात पंचेचाळीसपट कोनाचं सूत्र लपलेलं त्याला दिसलं, आणि पंचेचाळीस म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले पाच. घन समीकरणाची कोनातून केलेली त्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर, १६१५मध्ये छापून आली.

तिप्पट कोनाचं सूत्र त्याआधी पूर्वेकडेही वापरात होतं, पण उलट्या दिशेनं. पंधराव्या शतकात समरकंदच्या वेधशाळेत अल-काशीला एका अंशाचा साइन हवा होता. तीन अंशांचा साइन भूमितीतून काढता येत होता, पण तिसरा भाग करणारी घन समीकरणाची पायरी अडत होती. त्यानं ती पुनःपुन्हा किंमत घालून सोडवली. साइनचं सूत्र sin 3θ = 3 sin θ − 4 sin³θ. ते x = (sin 3° + 4x³)/3 असं लिहायचं, उजवीकडे अंदाजे x घालायचा, येईल तो पुन्हा घालायचा. ०.०१७४४५३ पासून सुरुवात केली तर दोनच फेऱ्यांत ०.०१७४५२४०६४ मिळतं, आणि हे दहाही दशांश बरोबर आहेत. आपल्याकडे कमलाकरानं १६५८मध्ये काशीत लिहिलेल्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ ग्रंथात तिप्पट, चौपट, पाचपट कोनांच्या ज्यांची सूत्रं दिली आहेत. त्याचं ज्योतिष्यांचं घराणं मूळचं गोदाकाठच्या गोलग्रामचं. समरकंदला घन समीकरण सोडवायचं होतं ते कोष्टकासाठी. व्हिएतच्या हाती कोष्टकं तयार होती आणि त्यानं ती घन समीकरणं सोडवायला लावली. सूत्र एकच, गरज उलटी.

या पद्धतीची मर्यादा ओळखायला सोपी आहे. y³ = 3y + 4 घ्या. k = 2, आणि cos 3θ = 2. असा कोन नाही, कॅल्क्युलेटर सरळ ‘एरर’ दाखवतो. ती चूक नव्हे, तो निरोप आहे: या समीकरणाला एकच वास्तव उकल आहे. अशा वेळी कार्दानोकडे जावं, त्याचं सूत्र इथे सरळ चालतं आणि २.१९५८ हे उत्तर देतं. p ऋण असेल तरीही त्याच्याकडेच. दोन्ही पद्धती एकमेकींच्या उणिवा भरून काढतात, म्हणून एकीला श्रेष्ठ ठरवण्यात अर्थ नाही.

वाटीच्या उत्तराला एक अडचण मात्र कायमची चिकटलेली आहे. २० अंशांचा कोन पट्टी आणि कंपासनं काढता येत नाही. ६० अंश काढता येतात, पण त्यांचे तीन सारखे भाग या दोन साधनांनी होणं अशक्य आहे, हे पिएर वान्त्सेलनं १८३७मध्ये सिद्ध केलं. सिद्धतेच्या मुळाशी आपलंच समीकरण आहे: y³ − 3y − 1 = 0 ला पूर्णांक किंवा अपूर्णांक उकल नाही, आणि पट्टी-कंपासनं मिळणाऱ्या संख्या वर्गमुळांच्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे अर्ध्या वाटीची नेमकी खूण भूमितीच्या पेटीतल्या त्या दोन साधनांनी कधीच करता येणार नाही. पुढे असंही सिद्ध झालं की, तीन वास्तव उकली असलेलं आणि असं न फुटणारं घन समीकरण नुसत्या वास्तव वर्गमुळा-घनमुळांनी लिहूनही संपवता येत नाही. कार्दानोच्या सूत्रातली काल्पनिक संख्या हा त्याच्या कौशल्याचा दोष नव्हता, ती टाळण्याजोगीच नव्हती. कोसाइन वापरला की ती दिसत नाही, कारण कोनाचा तिसरा भाग घेण्याचं काम कोष्टक किंवा कॅल्क्युलेटर परस्पर उरकतो.

वाचकांनी एक उदाहरण स्वतः करून पाहावं: x³ = 7x + 6. k येईल ३.०५५१, कोसाइन ०.८४१७, कोन ३२.६८ अंश. तिथून पुढच्या तीन पायऱ्यांत ३, −१ आणि −२ मिळाले, तर हात बसला असं समजा. न मिळाले, तर आधी कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते तपासा.